हिवाळ्यातली मर : ब्रॉयलरच्या पोटात पाणी का होते?

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा या पठारी भागातल्या ब्रॉयलर शेडवर गेलात तर एक तक्रार हमखास ऐकू येते. लॉट चांगला चाललेला असतो, वजन मिळालेले असते, खाद्य उठत असते. चौथा आठवडा सरतो आणि रोज काही पक्षी मरू लागतात. पक्षी उचलला तर पोट ताणलेले आणि लिबलिबीत लागते. कापला तर आतून पिवळसर पाणी निघते. त्याच लॉटमध्ये, बहुधा आठवडा-दीड आठवडा आधीपासून, आणखी एक प्रकार सुरू असतो. खाऊनपिऊन धडधाकट असलेला, सगळ्यांत भरलेला नर अचानक पंख फडफडवतो, पाठीवर पडतो आणि मिनिटभरात संपतो. पहिल्या मरीला शेतकरी ‘पोटात पाणी झालं’ म्हणतात, दुसरीला ‘अटॅक आला’. मग पाण्यातून अँटिबायोटिक दिले जाते, लिव्हर टॉनिक दिले जाते आणि मर तशीच राहते.

ती थांबत नाही, कारण या दोन्ही मरींच्या मुळाशी जंतू नाही. एकाचा जलोदर दुसऱ्याला लागत नाही. दोन्हींचा संबंध पक्ष्याच्या हृदयाशी आहे आणि त्या हृदयावर ताण आणणाऱ्या तीन गोष्टींशी आहे : वाढीचा वेग, खाद्य आणि शेडमधली हवा.

वाढली कोंबडी, फुप्फुसे राहिली मागे

ब्रॉयलरच्या वाढीचा वेग किती बदलला, हे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या एका प्रयोगाने स्पष्ट केले. तिथे 1957 आणि 1978 सालचे कोंबड्यांचे वाण जसेच्या तसे जपून ठेवले आहेत. त्यांच्यासोबत 2005 सालचा व्यापारी ब्रॉयलर एकाच पद्धतीने, एकाच खाद्यावर वाढवण्यात आला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 56 दिवसांचा 1957 चा पक्षी सरासरी 905 ग्रॅमचा भरला, 1978 चा 1808 ग्रॅमचा आणि 2005 चा 4202 ग्रॅमचा. खाद्य तेच असल्यामुळे हा फरक वाणाचा होता, म्हणजे पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीचा.

आज शेडवर येणारे पिल्लू साधारण 40 ते 45 ग्रॅमचे असते. आठवड्यात ते चौपटीहून जास्त होते आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीस दोन किलोच्या घरात जाते. इतक्या वेगाने मांस तयार करायचे तर शरीराला प्राणवायूही तितकाच लागतो. निवड झाली ती मुख्यतः वजन आणि छातीच्या मांसाची. फुप्फुसांची क्षमता त्या प्रमाणात वाढली नाही.

पक्ष्याच्या फुप्फुसांची एक मर्यादाही इथे आड येते. माणसाची फुप्फुसे श्वासागणिक फुगतात आणि आकसतात. कोंबडीची फुप्फुसे बरगड्यांना घट्ट चिकटलेली असतात आणि त्यांचा आकार जवळजवळ बदलत नाही. हवा पुढे-मागे ढकलण्याचे काम वायुकोश करतात. फुप्फुसातल्या केशवाहिन्याही त्या ताठ ऊतीत करकचून बसलेल्या असतात. जास्त रक्त आले म्हणून त्या फारशा रुंदावत नाहीत. त्यातच पक्ष्यांच्या लाल पेशी केंद्रक असलेल्या, मोठ्या आणि कमी लवचिक असतात, त्यामुळे अरुंद वाहिनीतून जाताना त्या सहज वाकत नाहीत.

आता साखळी कशी जुळते ते पाहू. शरीराला प्राणवायू कमी पडला की हृदय जास्त रक्त फुप्फुसांकडे पाठवते. वाट तेवढीच, म्हणून दाब वाढतो. पाइपलाइन दीड इंची ठेवून विहिरीवर दुप्पट ताकदीचा पंप बसवला, तर जोर पंपावरच येतो. इथे तो जोर हृदयाच्या उजव्या कप्प्यावर येतो, कारण फुप्फुसांकडे रक्त ढकलण्याचे काम त्याचे. काही दिवसांत त्या कप्प्याची भिंत जाड होते. पक्ष्यांमध्ये उजव्या बाजूची झडप पातळ पडद्याची नसते, ती स्नायूचीच असते. भिंतीबरोबर तीही जाड होते आणि नीट मिटेनाशी होते. मग प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे फिरते, मोठ्या शिरांमध्ये साचते आणि यकृत तुंबते. तुंबलेल्या यकृताच्या पृष्ठभागावरून रक्तातला द्रव पोटात झिरपू लागतो. पोटातले पिवळे पाणी म्हणजे हाच द्रव. पाणी दिसते तेव्हा रोग संपत आलेला असतो.

प्राणवायूच्या कमतरतेपासून हा प्रकार सुरू होतो, हे आधी उंच प्रदेशांनी दाखवून दिले. 1968 मध्ये बोलिव्हियातल्या उंचावरच्या ब्रॉयलर कोंबड्यांमधल्या या मरीची नोंद शास्त्रीय नियतकालिकात आली. उंचीवर हवा विरळ असते, म्हणून हा ‘डोंगरावरचा रोग’ मानला गेला. पुढे ब्रॉयलर जसजसा वेगाने वाढू लागला, तसतसा हा रोग समुद्रसपाटीजवळच्या शेडमध्येही दिसू लागला. हवा विरळ नसतानाही पक्ष्याची गरज पुरवठ्याच्या पुढे गेली होती. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात रॉबर्ट वाइडमन आणि सहकाऱ्यांनी ब्रॉयलरच्या एका फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी चिमटा लावून बंद केली. सगळे रक्त एकाच फुप्फुसातून जाऊ लागताच अनेक पक्ष्यांच्या पोटात नेहमीसारखेच पाणी झाले. जंतू नव्हता, विष नव्हते. वाट अपुरी पडणे एवढेच पुरेसे ठरले.

थंडी, बंद पडदे आणि शिळी हवा

नाशिक किंवा पुणे बोलिव्हियाइतके उंच नाही. मग आपल्याकडे हिवाळ्यातच ही मर का वाढते? कारण थंडी दोन्ही बाजूंनी मारते. गारठलेले पिल्लू अंग गरम ठेवण्यासाठी जास्त ऊर्जा जाळते, म्हणजे त्याची प्राणवायूची मागणी वाढते. आणि थंडी आत येऊ नये म्हणून माणूस पडदे घट्ट बंद करतो, म्हणजे पुरवठा कमी होतो.

बंद शेडमध्ये काय साचते ते मोजून पाहण्यासारखे आहे. निफाडकडची एक नमुना शेड धरू. पाच हजार पक्षी, पाच हजार चौरस फूट जागा, सरासरी दहा फूट उंची. आत साधारण 1400 घनमीटर हवा मावते. तीन आठवड्यांचे, किलोच्या आसपासचे पाच हजार पक्षी दिवसाला सुमारे 500 किलो खाद्य खातात आणि 900 लिटरच्या आसपास पाणी पितात. त्यातला फार मोठा भाग श्वासातून आणि विष्ठेतून त्याच शेडमध्ये परत येतो. म्हणजे रोज काहीशे लिटर पाणी हवेत आणि तुसात मिसळत राहते. ते बाहेर गेले नाही तर तूस ओले होते, ओल्या तुसात विष्ठा कुजते आणि अमोनिया तयार होतो. अमोनिया आणि धूळ श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला इजा करतात, आणि आधीच अपुऱ्या असलेल्या फुप्फुसांची उरलीसुरली ताकदही कमी होते.

बुखारी किंवा गॅस ब्रूडर पेटवला की तोही त्याच हवेतला प्राणवायू वापरतो. कोळशाची बुखारी धुमसत असेल आणि तिचा धूर बाहेर नेणारी नळी गळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. या कमतरतेवर पक्ष्याचे शरीर आपला उपाय काढते, ते जास्त लाल पेशी बनवते. त्याने रक्त घट्ट होते आणि घट्ट रक्त ढकलायला हृदयाला आणखी जोर लागतो. शरीराचा उपायच भार वाढवतो.

एक किलोच्या पक्ष्याला थंडीतही ताशी किमान पाऊण घनमीटर ताजी हवा लागते, असे ब्रॉयलर पालनाच्या मार्गदर्शिकांमध्ये धरलेले असते. पाच हजार पक्ष्यांचा हिशेब ताशी सुमारे 3800 घनमीटर होतो. आपल्या नमुना शेडमधली सगळी हवा साधारण 22 मिनिटांत एकदा पूर्ण बदलायला हवी. रात्री आठ वाजता पडदे बांधून सकाळी आठला उघडणाऱ्या शेडमध्ये ती पडद्यांच्या फटींतून येईल तेवढीच बदलते.

इथे एक काळाचा घोटाळा आहे आणि बहुतेक नुकसान त्यातून होते. उजव्या कप्प्याची भिंत एका रात्रीत जाड होत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, ब्रूडिंगच्या काळात, पिल्लू गारठले आणि शिळ्या हवेत राहिले की ताण सुरू होतो. पाणी मात्र चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिसते. तोवर पडदे उघडलेले असतात, तूस बदललेले असते, शेड मोकळी दिसते. म्हणून दोष ताज्या खाद्यावर, लसीवर किंवा पिल्लांच्या कंपनीवर जातो आणि पुढच्या लॉटला पडदे पुन्हा तसेच बंद होतात.

खाद्य किती, कसे आणि किती खारट

खाद्याचा वाटा मुख्यतः वाढीच्या वेगातून येतो. जास्त ऊर्जेचे खाद्य आणि क्रंबल किंवा पेलेटचा आकार यांमुळे पक्षी कमी वेळात जास्त खातो. मॅश खाताना त्याचा वेळ जातो, काही वाया जाते, वाढ थोडी मंदावते. म्हणूनच मॅशवरच्या लॉटमध्ये जलोदर आणि अटॅक दोन्ही कमी दिसतात, आणि म्हणूनच एफसीआर बघणाऱ्याला मॅश नको असते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

मधला मार्ग म्हणजे दुसऱ्या आठवड्यात वाढीला थोडा लगाम. पहिल्या सात दिवसांत पिल्लाला भरपूर खाऊ द्यावे, कारण तेव्हा त्याचे आतडे घडत असते. साधारण आठव्या दिवसापासून आठवडाभर खाद्य मोजून थोडे कमी द्यावे किंवा रात्री काही तास अंधार ठेवावा. अंधारात ब्रॉयलर फारसा खात नाही, त्यामुळे लाइटचे बटण हाच सर्वांत स्वस्त लगाम आहे. युरोपीय संघाच्या 2007 च्या नियमानुसार तर पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत एकूण सहा तास अंधार, त्यात किमान चार तास सलग, बंधनकारक आहे. नंतर पूर्ण खाद्य मिळाले की पक्षी मागे पडलेले वजन बहुतांशी भरून काढतो. तोपर्यंत हृदय आणि फुप्फुसांना थोडी उसंत मिळालेली असते.

याला मर्यादा आहेत. लगाम फार आवळला किंवा फार दिवस ठेवला तर विक्रीचे वजन मिळत नाही. खाद्य परत सुरू होताना सगळे पक्षी एकदम धावतात, म्हणून फीडर पुरेसे लागतात. आणि अंधारात पिल्ले गारठली तर केलेले सगळे उलटे पडते. तेवढ्या तासांत ऊब कायम ठेवावीच लागते.

दुसरा मुद्दा मिठाचा. जास्त सोडियममुळे शरीरात पाणी धरले जाते, रक्ताचे आकारमान वाढते आणि लाल पेशी आणखी ताठ होतात. कॅनडातल्या गेल्फ येथील पशुवैद्यक रिचर्ड ज्युलियन यांनी ब्रॉयलरच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला सुमारे 1200 मिलिग्रॅम सोडियम देऊन पाहिले, तेव्हा पक्ष्यांत उजव्या बाजूचे हृदय निकामी होऊन जलोदर झाला. अकोला, अमरावती, बुलढाणा भागातल्या खारपाण पट्ट्यात आणि उन्हाळ्यात खोल जाणाऱ्या बोअरच्या पाण्यावर शेड चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. खाद्यात मीठ आणि सोडा ठरलेल्या प्रमाणात असतो, पण ते प्रमाण गोडे पाणी गृहीत धरून काढलेले असते. पाण्याची तपासणी करून सोडियमचा आकडा खाद्य देणाऱ्याला कळवला, तर तो खाद्यातले मीठ कमी करू शकतो.

‘अटॅक’ वेगळा कसा?

आकस्मिक मृत्यूत हृदय हळूहळू थकत नाही. त्याच्या ठोक्यांची लय एकाएकी बिघडते, हृदय नुसते थरथरते आणि रक्त पुढे जात नाही. हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जास्त दिसते आणि बळी जाणाऱ्यांत बहुतेक नर असतात, तेही जोमाने वाढणारे. भरपूर ऊर्जेचे पेलेट खाद्य, चोवीस तास लाइट आणि अचानक घाबरणे, म्हणजे पत्र्यावरचा आवाज किंवा शेडमध्ये कुत्रे शिरणे, या गोष्टी त्याला हातभार लावतात. हवेचा संबंध इथे जलोदराइतका थेट दाखवता आलेला नाही. वाढीचा वेग हेच मुख्य कारण आहे, म्हणून दुसऱ्या आठवड्यातला लगाम आणि रात्रीचा अंधार यांचा उपयोग इथेही होतो.

मेलेला पक्षी उघडला की फरक कळतो. अटॅकने गेलेला पक्षी अंगाने भरलेला असतो, पोटपिशवी आणि आतडी खाद्याने गच्च असतात, फुप्फुसे रक्ताळलेली असतात आणि पोटात पाणी नसते. जलोदराचा पक्षी सोबत्यांपेक्षा लहान, पिसे विस्कटलेला, तुरा निळसर किंवा सुकलेला असतो. गरमी नसताना तो धापा टाकतो आणि धरला की कधीकधी हातातच जातो. त्याचे पोट उघडले की पिवळसर पाणी, अनेकदा जेलीसारख्या गुठळ्यांसह, बाहेर येते. मग हृदय आडवे कापून पाहावे. निरोगी हृदयात उजवी भिंत पातळ असते आणि डाव्या कप्प्याला बाजूने चिकटलेली दिसते. जलोदराच्या पक्ष्यात ती जाड आणि पसरलेली असते. प्रयोगशाळेत दोन्ही कप्पे वेगळे करून वजन करतात. उजव्याचा वाटा एकूण वजनाच्या तीस टक्क्यांच्या वर गेला की निदान पक्के होते.

एक घोटाळा मात्र टाळावा. पाणी पोटात नसून हृदयाभोवतीच्या पिशवीत असेल, हृदय सोललेल्या लिचीसारखे दिसत असेल आणि मर एकदम उसळली असेल, तर तो विषाणूचा ‘लिची’ रोग असू शकतो. त्याचा उपाय वेगळा आहे, त्यावर लस आहे आणि त्यासाठी पशुवैद्यकाकडे नमुना गेलाच पाहिजे. बुरशीच्या विषाने यकृत खराब झाले तरी पोटात पाणी होऊ शकते. म्हणून दोन-चार पक्षी उघडून हृदय पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

निफाडचा लॉट दुसऱ्यांदा

आता तीच नमुना शेड, तोच डिसेंबर, पण वेगळ्या रीतीने. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशी बुखारी पेटवून तूस गरम केले जाते आणि धुराची नळी तपासली जाते. पडदा खालच्या बाजूने पक्का बांधलेला असतो आणि वरून खाली उघडतो. पहिल्या रात्रीपासून छपराखाली फूटभर फट मोकळी राहते. गरम, दमट हवा वर चढून तिथून जाते, आणि बाहेरची थंड हवा वरूनच येत असल्याने पिल्लांपर्यंत पोचेपर्यंत आतल्या हवेत मिसळते. पहिल्या दिवसांत पिल्लांच्या उंचीवर 32 ते 34 अंश ऊब असते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी उतरवली जाते. फटीमुळे जाणारी ऊब भरून काढायला कोळसा जास्त लागतो. पडदा बंद करून तो वाचवला जात नाही.

पहाटे पाचला शेडमध्ये शिरल्याबरोबर, नाक सरावण्याआधी, मालक गुडघ्यावर बसून वास घेतो. डोळे चुरचुरले तर अमोनिया 25 पीपीएमच्या आसपास किंवा वर गेला आहे असे समजून पडदे आणखी उतरवले जातात आणि ओले तूस काढले जाते. आठव्या दिवसापासून रात्री सहा तास अंधार ठेवला जातो. दुपारच्या उन्हात पडदे निम्म्यापर्यंत खाली असतात. मेलेल्या प्रत्येक पक्ष्याची तारीख, वजन आणि पोटात पाणी होते की नाही, एवढे वहीत लिहिले जाते. पाणी झालेले पक्षी ज्या आठवड्यात दिसतील, त्याच्या दोन-तीन आठवडे मागे जाऊन त्या रात्रींचे तापमान आणि पडदे आठवायचे असतात, आणि वही त्यासाठीच असते.

जादा कोळशाचा खर्च परवडतो का? पाचव्या आठवड्यात मेलेल्या प्रत्येक पक्ष्याने तोवर सुमारे तीन किलो खाद्य खाल्लेले असते. पाच हजारांत दोन टक्के मर जास्त झाली तर शंभर पक्षी जातात, आणि त्यांच्यासोबत तीन क्विंटल खाद्य. त्याच हवेत जगलेल्या बाकीच्या पक्ष्यांची घटलेली वाढ यात धरलेलीच नाही.

पैदास कंपन्यांनी आपला वाटा उचलायला सुरुवात केली आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून रक्तातला प्राणवायू मोजून, तो कमी असलेले पक्षी पैदाशीतून बाद करण्याची पद्धत आली आणि जलोदराचे प्रमाण त्याने खाली आले. तरीही वजनाची ओढ कायम आहे, त्यामुळे हा रोग नाहीसा झालेला नाही. करार पद्धतीत पिल्लू आणि खाद्य कंपनीचे असते, वाणाची आणि पेलेटची निवड शेतकऱ्याच्या हाती नसते. पडदा, ऊब, लाइट आणि पाणी मात्र त्याच्या हाती असतात. म्हणून कंपन्यांना एक सांगणे आहे : हिवाळ्याच्या लॉटसाठी दुसऱ्या आठवड्यातली मंद वाढ मान्य करा आणि तिच्यासाठी शेतकऱ्याचा दर कापू नका. आणि शेतकऱ्यांना एक : यंदाच्या थंडीत पहिली पिल्ले उतरवण्याआधी छपराखालची फूटभर फट मोकळी करा आणि ती रात्रीही बंद करू नका. जलोदरावर औषध नाही. त्याला अडवण्याची वेळ पहिल्या तीन आठवड्यांत येते आणि तिथेच संपते.